निर्लेखित संगणकांच्या लिलावातली एक अट बदला: कोकणातल्या नगरपरिषदा, नगरपंचायती आणि ग्रामपंचायतींना खुलं पत्र

प्रति,
मा. नगराध्यक्ष, मुख्याधिकारी, सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी,
कोकण किनारपट्टी

सस्नेह नमस्कार.

दर दोन-तीन वर्षांनी आपल्या कार्यालयांच्या फलकावर एक सूचना लागते. निर्लेखित संगणक, प्रिंटर, यूपीएस व तत्सम साहित्य ‘जसे आहे तसे, जेथे आहे तेथून’ विकणे आहे, सर्वाधिक दर देणाऱ्यास माल देण्यात येईल. त्यानंतर टेम्पो येतो, वजन होतं, पावती फाटते आणि साहित्य नोंदवहीतून कमी होतं. आमचा आक्षेप ‘सर्वाधिक दर देणाऱ्यास’ या तीन शब्दांपुरता आहे. या मालात जे सर्वात मौल्यवान आहे तेच चुकीच्या हातात सर्वात विषारी ठरतं, आणि चुकीचे हात बहुतेक वेळा जास्त दर देऊ शकतात. हे कसं घडतं ते आकड्यांनिशी सांगतो.

साठ संगणकांचा लिलाव घ्या. मध्यम नगरपरिषदेला हा आकडा नवा नाही. पत्र्याची पेटी, पंखे आणि हीटसिंक काढून टाकलं, तर एका मदरबोर्डचं वजन सरासरी सहाशे ग्रॅम धरता येतं. म्हणजे मदरबोर्ड झाले 36 किलो. संगणकाच्या मदरबोर्डात वजनाच्या साधारण पाचव्या हिश्शाइतकं तांबं असतं, म्हणजे इथे सुमारे 7 किलो. सोनं टनाला शंभर ते अडीचशे ग्रॅम मिळतं. आपण दीडशे धरू. 36 किलोत होतात साडेपाच ग्रॅम. जुन्या बोर्डात शिसे-कथलाचं सोल्डर असतं, त्यातलं शिसं वजनाच्या एक टक्का धरलं तरी 360 ग्रॅम होतं. उरलेल्यात निकेल, चांदी, थोडं पॅलॅडियम आणि कथील. कल्हईवाला भांड्यांना लावायचा तेच हे कथील. सगळे धातू काढून घेतले तरी 36 पैकी वीस-बावीस किलो मागे उरतात. ती काचेच्या धाग्यांची, ब्रोमीनयुक्त राळेची आणि सिरॅमिकची भुकटी. हा वीस-बावीस किलोंचा आकडा लक्षात ठेवा, पुढे तो कामाला येणार आहे.

खाणीतल्या खनिजात टनाला पाच ग्रॅम सोनं सापडलं तरी खाण चालते. या हिशोबाने मदरबोर्ड हे चांगलं खनिज झालं. मात्र ते सोनं एका जागी नसतं. रॅम आणि कार्डांच्या कडेला जे पिवळे दात दिसतात त्यांच्यावर सोन्याचा थर असतो, साधारण पाऊण मायक्रॉनचा, म्हणजे केसाच्या जाडीच्या शंभराव्या हिश्शाइतका. खाली निकेल, त्याखाली तांबं. उरलेलं सोनं प्रोसेसरच्या पिनांवर, कनेक्टरच्या आत आणि चिपच्या काळ्या आवरणाखालच्या बारीक तारांत असतं. जुन्या चिपांत या तारा सोन्याच्याच असत. डोळ्याला दिसतं ते पहिलं, आणि परसदारी काम करणारा त्याच्याच मागे जातो.

आता भंगाराच्या अनौपचारिक साखळीत या बोर्डांचं काय होतं ते पाहू. बोर्ड शेगडीवरच्या तव्यावर किंवा थेट ज्वाळेवर धरतात. सोल्डर 183 अंशांना वितळतं, नव्या शिसेमुक्त बोर्डाचं 217 च्या आसपास. वितळलं की बोर्ड आपटून चिपा झाडतात. शिशाची वाफ होऊन कामगार दगावतो असा समज आहे, तो तितकासा बरोबर नाही. 183 अंशांना शिशाची वाफ जवळजवळ होत नाही. शिसं अंगात जातं ते धुळीतून आणि बोटांना लागलेल्या करड्या भुकटीतून: हात न धुता खाल्लेल्या भाकरीबरोबर, घामेजल्या कपड्यांबरोबर घरी, आणि घरातल्या रांगत्या मुलाच्या तोंडात. धुराचा धोका वेगळा. शेगडीवर तापमान हातात राहत नाही, राळ जळू लागते. तिच्यातला ब्रोमीन आणि बोर्डावरचं तांबं अडीचशे ते साडेचारशे अंशांच्या टप्प्यात एकत्र आले, की तांबं उत्प्रेरकाचं काम करतं आणि डायॉक्सिनच्या जातीची संयुगं तयार होतात. उघड्यावर जाळलेला बोर्ड नेमका याच टप्प्यात रेंगाळतो.

मग ॲसिड. पिवळे दात कातरून नायट्रिक ॲसिडमध्ये टाकतात. तांबं विरघळतं, सोनं विरघळत नाही, त्याचे पातळ पापुद्रे वर तरंगतात. हे दिसायला इतकं सोपं आहे, की व्हिडिओ पाहून घरी करून बघणारेही आहेत. हिशोब मात्र असा. एक किलो तांबं विरघळवायला तीव्र नायट्रिक ॲसिड सुमारे चार लिटर लागतं आणि त्यातून जवळपास दीड किलो नायट्रोजन डायॉक्साइड बाहेर पडतो. तोच तपकिरी धूर. हा वायू फसवा आहे. घशाला थोडी जळजळ होते, माणूस बाहेर येऊन चहा पितो, बरं वाटतं. मग काही तासांनी, पुष्कळदा रात्री, फुप्फुसात पाणी भरू लागतं. रुग्णालयात तो ‘दम लागतो’ एवढंच सांगतो. ॲसिडचा उल्लेख केला नाही तर डॉक्टरांनाही उलगडा होत नाही.

या पद्धतीत सोनं वाया कसं जातं, याचं कारण बहुतेकांना ठाऊक नसतं. दातांबरोबर सोल्डर गेलं, की त्यातलं कथील नायट्रिक ॲसिडमध्ये विरघळत नाही, त्याचा पांढरा चिकट साका होतो. गाळणी तुंबते आणि सोन्याचे पापुद्रे त्या साक्यात अडकतात. पुढे नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक ॲसिडच्या मिश्रणात, म्हणजे आम्लराजात, सोनं विरघळवून सोडियम मेटाबायसल्फाइटने खाली बसवतात. त्या द्रावात नायट्रिक ॲसिड जास्त उरलं असेल, तर खाली बसलेलं सोनं पुन्हा विरघळतं. काम करणाऱ्याला वाटतं, या मालात सोनंच नव्हतं. मग तो द्राव ओतून देतो, आणि पॅलॅडियम असलं तर तेही त्याच्याबरोबर जातं. काळ्या चिपांच्या आतल्या तारांपर्यंत तर ॲसिड पोहोचतच नाही. बंगळूरच्या अशा परसदारी कामाचा अभ्यास झाला होता. त्यात बोर्डातल्या सोन्यापैकी सुमारे चौथा हिस्साच हाती लागत असल्याचं दिसलं. आपल्या साडेपाच ग्रॅमपैकी जेमतेम दीड.

सराफाच्या दुकानातली केर-माती धुऊन सोनं काढणारे झारेकरी आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहेत, आणि ॲसिडवाल्याला लोक त्याच पंगतीला बसवतात. पण झारेकऱ्याच्या मातीत सोन्याखेरीज फारसं काही नसतं. बोर्डात एका ग्रॅम सोन्यामागे किलोच्या वर तांबं आणि पासष्ट-सत्तर ग्रॅम शिसं असतं. हातचलाखी तीच असेल, माल तो नाही.

पाण्याचा प्रश्न आपल्या किनाऱ्यावर घाटमाथ्यापेक्षा बिकट आहे. सोनं काढल्यावर उरलेला निळा-हिरवा द्राव म्हणजे तांब्याचं नायट्रेट. हुशार माणूस त्यात लोखंडाचा कीस टाकून तांबं परत मिळवतो. मागे राहतो तो आंबट द्राव, ज्यात लोखंड, निकेल, जस्त आणि शिसं असतं, आणि तो गटारात किंवा परसात जातो. पिण्याच्या पाण्यात शिशाची मर्यादा लिटरला 0.01 मिलिग्रॅम आहे. म्हणजे एक ग्रॅम विरघळलेलं शिसं एक लाख लिटर पाणी मर्यादेपर्यंत नेऊन ठेवतं. तीन मीटर व्यासाच्या विहिरीत चार मीटर पाणी असेल, तर ते अठ्ठावीस हजार लिटर होतं. एक ग्रॅम शिसं अशा साडेतीन विहिरींना पुरतं, आणि आपल्या साठ संगणकांत 360 ग्रॅम शिसं आहे.

यावर कुणी म्हणेल, जांभ्यात लोहाची संयुगं भरपूर असतात आणि ती शिसं धरून ठेवतात. खरं आहे. पण ती धरतात साध्या पाण्यातलं शिसं. द्राव आम्लधर्मी असला की ती पकड सुटते, आणि सच्छिद्र जांभ्यातून पहिल्या जोराच्या पावसात तो खाली उतरतो. उरलेलं वहाळातून खाडीत जातं. कालवं तांबं अंगात साठवतात, फार झालं तर त्यांचं मांस हिरवट दिसू लागतं. खाडीवर कालवं काढणाऱ्या बायकांनी असा रंग पाहिल्याचं सांगितलं, तर तो शेवाळाचा म्हणून झटकून न टाकता वरच्या अंगाला काय चाललंय ते पाहावं.

आता कारखान्याची वाट. आमचं म्हणणं ‘नोंदणीकृत ते चांगलं, भंगारवाला वाईट’ इतकं सरळ नाही. जर्मनीतल्या एका प्रक्रिया केंद्राचा 2009 मध्ये अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथे संगणकासारखी उपकरणं अख्खी श्रेडरमध्ये घालत होते. सोन्यापैकी सुमारे चौथा हिस्साच पुढे काढता येईल अशा ढिगात पोहोचला, बाकीचं सोनं लोखंड, प्लॅस्टिक आणि धुळीत पसरून गेलं. म्हणजे परसदारचं ॲसिड आणि युरोपातला श्रेडर दोन्ही एकाच आकड्यावर! स्क्रूड्रायव्हर घेऊन बसलेला माणूस पेटी उघडतो, बोर्ड अख्खा काढतो, रॅम वेगळी ठेवतो. या कामात त्याच्या तोडीचं यंत्र नाही. आमच्या मते सीमारेषा नोंदणीच्या कागदावर नसून कामाच्या टप्प्यावर आहे. स्क्रूड्रायव्हर, पक्कड, नटपाना इथपर्यंत गावातला भंगारवाला उत्तम. शेगडी आणि ॲसिडची बाटली आली की थांबायचं.

चांगल्या कारखान्यात आधी हातानेच सुटं करतात. बोर्डावरचा नाण्याएवढा सेल आणि मोठे कॅपॅसिटर काढतात. ॲल्युमिनियमचं हीटसिंक आणि लोखंडी पट्ट्या काढतात, कारण भट्टीत ॲल्युमिनियम आणि लोखंड मळीत जातात, हाती काही लागत नाही. मग प्रतवारी: रॅम आणि प्रोसेसर वेगळे, हिरवे मदरबोर्ड वेगळे, संगणकाला वीज पुरवणाऱ्या डब्यातले, म्हणजे एसएमपीएसचे, आणि टीव्हीतले तपकिरी बोर्ड वेगळे. तपकिरी बोर्डात सोनं नगण्य असतं. हे सगळं एका पोत्यात भरलं, तर दर तपकिरी बोर्डाच्या आसपास येतो. आपल्याला कमी भाव मिळाल्याची निम्मी कारणं या पोत्यात सापडतील.

पुढे बोर्डांचे तुकडे करून नमुना काढतात, प्रयोगशाळेत त्याचा कस लावतात आणि त्यावर पैसे ठरतात. म्हणून खरा खरेदीदार जागेवर अंतिम भाव सांगत नाही. तो प्रतीनुसार दर देतो किंवा तपासणीनंतर हिशोब करतो, आणि रोखीने जागच्या जागी चढा भाव सांगणाऱ्यापुढे लिलावात हरतो.

शेवटचा टप्पा तांब्याच्या भट्टीचा. बेल्जियममधल्या होबोकेनला, स्वीडनमधल्या रॉन्स्करला आणि जपानमधल्या कोसाकाला अशा भट्ट्या आहेत. आपल्याकडचे बरेच नोंदणीकृत कारखाने बोर्ड सुटे करून किंवा तुकडे करून पुढे धाडतात, काही जण बंदिस्त टाक्यांत रसायनांनी धातू काढतात. भट्टीत बाराशे अंशांच्या वर बोर्डातली राळच इंधनाचं काम करते, आणि वितळलेलं तांबं सोनं, चांदी, पॅलॅडियम आपल्यात ओढून घेतं. बाहेर पडणारा वायू पुन्हा जाळून झटकन थंड करतात, म्हणजे तो साडेचारशे-अडीचशे अंशांच्या टप्प्यात रेंगाळत नाही. तांब्याच्या पाट्या ओतून विद्युतपृथक्करण केलं, की शुद्ध तांबं एका बाजूला जमतं आणि टाकीच्या तळाशी काळा गाळ साचतो. सोनं त्या गाळात असतं. इथे शंभरातलं पंचाण्णवच्या वर सोनं परत मिळतं. आपल्या हिशोबात साडेपाच ग्रॅमपैकी सव्वापाच. सात किलो तांबंही मिळतं, आणि शेगडी पेटवावी लागत नाही.

नियमांचं थोडक्यात. 1 एप्रिल 2023 पासून ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, 2022 लागू आहेत. वर्षभरात कधीही हजार किंवा अधिक उपकरणं वापरणारी संस्था ‘बल्क कन्झ्युमर’ ठरते आणि तिने ई-कचरा नोंदणीकृतांनाच द्यायचा असतो. साठ संगणकांची नगरपरिषद यात बसत नाही, आणि ‘आम्हाला लागू नाही’ हे उत्तर तिथूनच येतं. पण घनकचऱ्यात आलेला ई-कचरा वेगळा काढून नोंदणीकृत ठिकाणी पोहोचवणं याच नियमांनी नागरी स्थानिक संस्थांवर सोपवलं आहे. गावाच्या कचऱ्यासाठी जी वाट सांगितली, ती स्वतःच्या कपाटातल्या संगणकांना न लावणं विचित्र दिसतं.

नोंदणी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर तपासता येते, पण तेवढ्यावर थांबू नका. कागदोपत्री कारखाने असतात: माल घेतात, प्रमाणपत्र देतात आणि बोर्ड मागच्या दाराने ॲसिडवाल्याकडे जातात. ते ओळखायला मघाचा वीस-बावीस किलोंचा आकडा वापरा. धातू आम्हीच काढतो असं कुणी म्हणालं, तर विचारा, उरलेली भुकटी कुठे जाते? तळोज्याला किंवा अन्यत्र असलेल्या घातक कचरा केंद्राच्या पावत्या त्याच्याकडे असायला हव्यात आणि त्यांवरचं वजन जुळायला हवं. आम्ही पुढे धाडतो असं म्हणाला, तर कोणत्या भट्टीकडे, किती किलो, हे कागद दाखवू द्या. शंभर किलो बोर्ड घेऊन पन्नास-साठ किलो भुकटीचा पत्ता नसेल, तर ती कुठल्यातरी उकिरड्यावर आहे किंवा बोर्ड तिथे आलेच नाहीत.

एक अडचण मोकळेपणाने मांडतो. 36 किलो बोर्डांसाठी तळोज्याहून रत्नागिरीला किंवा मालवणला कुणी गाडी पाठवत नाही. डिझेलही सुटत नाही. म्हणून एकेकट्याने लिलाव करण्यापेक्षा तालुक्यातल्या नगरपरिषद, पंचायत समिती आणि ग्रामपंचायतींनी मिळून एक कोरडी खोली ठरवावी. कचऱ्याचं बारकाईने वर्गीकरण कसं करावं हे वेंगुर्ल्याने दाखवलंच आहे, त्यात आणखी दोन खोके. कोरडी हा शब्द मुद्दाम वापरला. खाऱ्या हवेत, गळक्या पत्र्याखाली बोर्डावर हिरवी पुटं चढतात. सोनं त्याने कमी होत नाही, पण सोल्डर गंजतं आणि शिसं भुकटी होऊन सुटतं, ते झाडूने उडतं आणि पाण्याबरोबर वाहतं. 22 जुलै 2021 च्या पुरानंतर चिपळुणात रस्त्यावर आलेला भिजका विजेचा माल ज्यांनी उचलला, त्यांना ही पुटं माहीत आहेत. यूपीएसच्या बॅटऱ्या आणि फुगलेले लिथियम सेल या खोलीत ठेवू नका. त्यांचे नियम वेगळे आणि आगीचा धोकाही वेगळा.

सुटं करण्याचं काम गावातल्याच भंगारवाल्याला रोजावर द्या. हातमोजे, मास्क, हात धुवायला साबण-पाणी, आणि जेवायला वेगळी जागा. त्याने पेटी, तारा, हीटसिंक घ्यावं, बोर्ड आपल्या ताब्यात राहावेत. त्याची कमाई बुडत नाही आणि ॲसिडवाल्याचा कच्चा माल तुटतो.

सरपंचांसाठी एक पुस्ती. हद्दीत असं काम चाललं असेल तर या खुणा दिसतात: दुपारी तपकिरी, घशाला झोंबणारा धूर, जांभ्याच्या चिऱ्यांवर किंवा गटाराच्या कडेला निळे-हिरवे डाग, रिकामे ॲसिडचे कॅन, चिपा झाडलेले, कडा कातरलेले बोर्ड, आणि जाळल्यानंतर उरलेले, बोटांनी उलगडणारे पांढरे काचधाग्यांचे पापुद्रे. शेवटची खूण पक्की, कारण काचेचे धागे जळत नाहीत. तिथे गेल्यावर कॅनला हात लावू नका आणि त्यावर पाणीही ओतू नका. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या प्रादेशिक कार्यालयाला कळवा आणि खालच्या अंगाच्या विहिरीचं पाणी शिसं, तांबं आणि नायट्रेटसाठी तपासून घ्या. नेहमीची जंतूंची तपासणी इथे उपयोगाची नाही.

पुढच्या लिलावाच्या सूचनेत ‘सर्वाधिक दर देणाऱ्यास’ याच्या जागी पुढील मजकूर घालावा, अशी आमची विनंती आहे:

‘सर्किट बोर्ड, रॅम व प्रोसेसर कार्यालयाच्या ताब्यात स्वतंत्र प्रतवारीने व वजनाने ठेवले जातील व ते केवळ केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे पुनर्चक्रक म्हणून नोंदणी असलेल्या संस्थेसच दिले जातील. सदर संस्थेने प्रतनिहाय दर द्यावा, तसेच बोर्ड पुढे पाठविल्याचा अथवा अधातू अवशेष घातक कचरा केंद्रास दिल्याचा वजनासह पुरावा 180 दिवसांत सादर करावा. तोपर्यंत अनामत रक्कम परत केली जाणार नाही. उर्वरित साहित्य प्रचलित पद्धतीने विकले जाईल.’

180 दिवसांऐवजी 90 लिहावेसे वाटतील. लिहू नका. बोर्ड साठवून पुरेसा माल झाल्यावर भट्टीकडे जातात, मग कस लागतो. तीन महिन्यांत पुरावा आणून देणाऱ्याचाच आधी संशय घ्यावा लागेल.

आपले,
ई-कचरा सुटा करण्याच्या आणि धातू परीक्षणाच्या कामातले
रायगड, रत्नागिरी व सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील काही जण